जेपेग, पीएनजी, वेबपी: मॉडेलच्या दाराशी आणि दाराच्या आत

चित्र वाचणाऱ्या भाषा-मॉडेलला जेपेग म्हणजे काय हे कधीच कळत नाही. पीएनजीही कळत नाही आणि वेबपीही. फाइल सर्व्हरवर पोचते, तिथला एक साधा, जुना प्रोग्राम ती उलगडतो आणि प्रत्येक ठिपक्याचे लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे बाहेर काढतो. मग चित्र ठरलेल्या मापात लहान केले जाते, छोट्या चौकोनी तुकड्यांत कापले जाते आणि ते तुकडे मॉडेलकडे जातात. फाइलचे नाव, प्रकार, आकारमान यांतले काहीच तिथवर पोचत नाही.

त्यामुळे ‘कोणता फॉरमॅट चांगला?’ या एका प्रश्नात खरे तर दोन प्रश्न असतात. फाइल दारातून आत घेतली जाईल का, हा पहिला. आत गेल्यावर अक्षरे वाचण्याइतके ठिपके शिल्लक राहतील का, हा दुसरा. चर्चा बहुतेक पहिल्याची होते, पण काम बिघडते ते दुसऱ्यामुळे. माझ्या मते फॉरमॅटची निवड जितकी महत्त्वाची मानली जाते तितकी ती नाही. चित्र किती लहान झाले आणि लहान होण्याच्या आधी दाबले गेले की नंतर, यावर बरेच अधिक अवलंबून असते.

आधी दाराचे पाहू. मोठ्या सेवांच्या याद्या एकमेकींशी बऱ्याच जुळतात. ओपनएआय पीएनजी, जेपेग, वेबपी आणि हलता नसलेला जीआयएफ घेते. अँथ्रोपिकचे क्लॉड जेपेग, पीएनजी, जीआयएफ आणि वेबपी घेते. गूगलच्या जेमिनीच्या यादीत पीएनजी, जेपेग, वेबपी यांच्या जोडीला आयफोनचे हाइक आणि हाइफ हे प्रकार आहेत, पण जीआयएफ नाही. याद्या बदलत असतात. तरी जेपेग, पीएनजी आणि वेबपी हे तीन सगळीकडे सामाईक आहेत. ज्याला एकच नियम हवा असेल त्याने या तिघांबाहेर जाऊ नये. स्कॅनरमधून येणारा टिफ, विंडोजचा जुना बीएमपी, नवा एव्हिफ हे पाठवण्याआधी बदलून घेतलेले बरे. एसव्हीजीत तर ठिपके नसतातच, रेषा कशा काढायच्या याचा मजकूर असतो. तो चित्र म्हणून नाकारला जातो, मजकूर म्हणून चालतो.

मॉडेल आपल्याच संगणकावर चालवणाऱ्यांचे दार वेगळे असते. पायथनमधून काम करणारे बहुतेक जण पिलो ही लायब्ररी वापरतात आणि पिलो डझनावारी प्रकार उघडते. llama.cpp मात्र चित्र उघडण्यासाठी stb_image नावाची छोटी लायब्ररी वापरत आला आहे. तिला जेपेग, पीएनजी, बीएमपी समजतात, वेबपी समजत नाही. म्हणून ‘वेबवर चालले, घरी चालत नाही’ अशी तक्रार आली की मॉडेलला दोष देण्याआधी फाइल वेबपी आहे का ते पाहावे.

यादी इतकी आखूड का, याला कारणे आहेत. हाइकच्या पोटात एचईव्हीसी ही व्हिडिओ दाबण्याची पद्धत असते आणि तिच्यावर अनेक कंपन्यांची पेटंटे आहेत. अॅपलने 2017 साली आयओएस 11पासून ती फोनमध्ये आणली, पण इतरांनी ती फुकट उचलावी अशी तिची स्थिती नाही. चित्रांच्या जगात हा वाद नवा नाही. कॉम्प्युसर्व्ह कंपनीने 1987मध्ये आणलेल्या जीआयएफमधल्या दाबण्याच्या पद्धतीवर युनिसिसचे पेटंट होते. 1994च्या शेवटी त्यासाठी पैसे मागितले जाऊ लागले आणि त्या रागातून पीएनजी जन्माला आला. 1 ऑक्टोबर 1996 रोजी वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने त्याला आपली शिफारस म्हणून मान्यता दिली.

दुसरे कारण सुरक्षेचे. चित्र उलगडणारा प्रत्येक प्रोग्राम अनोळखी माणसाने पाठवलेली फाइल उघडत असतो. सप्टेंबर 2023मध्ये वेबपी उलगडणाऱ्या libwebp या लायब्ररीत एक गंभीर भगदाड सापडले, CVE-2023-4863 या नावाने त्याची नोंद आहे. मुद्दाम बिघडवलेली वेबपी फाइल उघडताना लायब्ररी स्वतःच्या मर्यादेबाहेरच्या स्मृतीत लिहीत होती. क्रोम, फायरफॉक्स आणि ती लायब्ररी वापरणारी असंख्य अॅप घाईघाईने दुरुस्त करावी लागली. सेवा चालवणाऱ्याच्या जागी असतो तर मीही यादी वाढवायला काचकूच केली असती.

दारावर होणारे घोटाळे बहुतेक वेळा एकाच जातीचे असतात: फाइलचे नाव एक आणि पोटात दुसरेच. कुणी `.heic`चे `.jpg` करून टाकतो आणि समजतो की फाइल बदलली. वेबसाइटवरून चित्र उतरवताना नावात `.jpg` दिसते, पण सर्व्हरने ब्राउझरला वेबपी दिलेले असते. फोटो दाखवणारे प्रोग्राम नावाकडे न पाहता आतला मजकूर पाहतात, त्यामुळे चित्र बिनबोभाट उघडते. एपीआयला मात्र फाइलसोबत `image/jpeg` असे सांगावे लागते आणि ते सांगणे आतल्या मजकुराशी जुळले नाही की विनंती परत येऊ शकते. खरे काय ते फाइलच्या पहिल्या काही बाइटांत लिहिलेले असते. जेपेग `FF D8 FF`ने सुरू होते. पीएनजीच्या दुसऱ्या बाइटपासून `PNG` ही अक्षरे येतात. वेबपीत सुरुवातीला `RIFF` आणि फाइलचे पहिले आठ बाइट सोडून `WEBP` असते. लिनक्स किंवा मॅकवर हे तपासायला एक ओळ पुरते:

```
$ file ferfar.jpg
ferfar.jpg: ISO Media, HEIF Image HEVC Main or Main Still Picture Profile
```

नाव जेपेगचे, माल हाइकचा. असे उत्तर आले की पुढची शोधाशोध वाचते.

आता आतल्या गोष्टीकडे. जेपेगचा गाभा एका गणिती रूपांतरात आहे. मूळचे बेंगळुरूचे नासिर अहमद यांनी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासोबत ते 1974मध्ये प्रसिद्ध केले. जेपेगचे मानक त्यानंतर अठरा वर्षांनी, 1992 साली, आले. पद्धत अशी: चित्राचे 8×8 ठिपक्यांचे चौकोन पाडायचे. प्रत्येक चौकोनातले उजेड-अंधाराचे चढउतार मंद लहरी आणि वेगवान लहरी अशा वेगळ्या करायच्या. डोळ्याला वेगवान लहरींतला फरक कमी जाणवतो, म्हणून त्यांचे आकडे ढोबळ करायचे. बरेचसे शून्यच होतात. इथेच जागा वाचते आणि इथेच माहिती कायमची जाते.

चेहरा, आकाश, डोंगर यांना याने फारसा धक्का लागत नाही. अक्षराची गोष्ट निराळी. पांढऱ्या कागदावरची काळी शिरोरेघ म्हणजे एकदम पांढऱ्यावरून काळ्यावर उडी, आणि अशी उडी वेगवान लहरींशिवाय काढता येत नाही. त्या ढोबळ केल्या की शिरोरेघेच्या वरखाली राखाडी ठिपक्यांची गर्दी होते. मराठीत रेघेच्या नेमक्या वर अनुस्वार आणि रफार बसतात. गर्दी तिथेच असते आणि अर्थ ठरवणाऱ्या खुणाही तिथेच.

जेपेग आणखी एक काटकसर करतो. उजेड आणि रंग वेगळे काढून रंगाची माहिती तो बहुधा उभ्या-आडव्या दोन्ही दिशांनी निम्मी ठेवतो, म्हणजे चार ठिपक्यांना मिळून एक रंग. काळ्या मजकुराला याचा त्रास नाही. पण जांभळ्या शिक्क्याखाली निळ्या शाईची सही असेल, तर त्या दोघांना वेगळे ओळखण्याचा आधार रंग हाच असतो आणि तोच पुसट होतो. जेपेगमध्ये ही काटकसर बंद ठेवता येते. नुकसान सोसून दाबणाऱ्या वेबपीत ती बंद करता येत नाही; ते व्हीपी8 या व्हिडिओ पद्धतीवर बेतलेले आहे आणि रंग नेहमी निम्माच ठेवते. वेबपीचा दुसरा, काहीही न गमावणारा प्रकारही आहे आणि तोही `.webp` याच नावाने फिरतो, त्यामुळे नुसत्या नावावरून काय गमावले ते कळत नाही.

पीएनजी काहीच गमावत नाही. शेजारच्या ठिपक्यांवरून पुढच्याचा अंदाज बांधायचा, अंदाज आणि प्रत्यक्ष यांतला फरक लिहायचा आणि तो झिपसारख्या पद्धतीने दाबायचा, असे त्याचे काम चालते. स्क्रीनशॉटमध्ये मोठा भाग एकाच रंगाचा असतो, फरक शून्य येतो आणि फाइल जेपेगपेक्षाही लहान होऊ शकते. स्क्रीनशॉट, आलेख, एक्सेलचे तक्ते यांना पीएनजीच द्यावा, यात मला तरी शंका नाही. कॅमेऱ्याच्या फोटोत मात्र प्रत्येक ठिपक्यात थोडी थरथर असते, अंदाज चुकत राहतो आणि फाइल फुगते.

एक उदाहरण आकड्यांसह घेऊ. जुन्या फेरफाराच्या नोंदीची ए4 कागदावरची प्रत, अर्धी छापील, अर्धी तलाठ्याच्या हातची, कोपऱ्यात जांभळा शिक्का. आयफोनने फोटो काढला, 4032×3024 ठिपक्यांचा, कागदाची लांबी चौकटीत बरोबर भरलेली. उलगडल्यावर हे चित्र स्मृतीत सुमारे 3 कोटी 66 लाख बाइट घेते. हाइक म्हणून ते दोनेक एमबीचे, जेपेग म्हणून तीन-चार एमबीचे असेल. पीएनजी केले तर वीस एमबीच्या पुढे सहज जाईल. एपीआयला पाठवताना फाइल बेस64 या लिखाणात बदलतात, तिथे तीन बाइटांची चार अक्षरे होतात, म्हणजे पुन्हा एक तृतीयांश भर. क्लॉडच्या एपीआयवर बराच काळ एका चित्राला 5 एमबीची मर्यादा राहिली आहे. ‘दर्जा जाऊ नये’ म्हणून केलेला पीएनजी असा दारातच अडतो, आणि अडला नाही तरी काही मिळवून देत नाही. का ते पुढच्या हिशोबात दिसेल.

ए4ची लांबी 297 मिलिमीटर. 4032 ठिपके म्हणजे दर मिलिमीटरला साडेतेरा. हस्ताक्षरातल्या अक्षराचे मुख्य अंग अडीच मिलिमीटर उंच धरले तर त्याला सुमारे 34 ठिपके मिळतात आणि अर्ध्या मिलिमीटरच्या अनुस्वाराला जवळजवळ सात. हे भरपूर झाले. पण मॉडेल हे चित्र पाहत नाही. जीपीटी-4ओसाठी ओपनएआयने दिलेली रीत अशी होती: चित्र आधी 2048 ठिपक्यांच्या चौकोनात बसवायचे, मग त्याची आखूड बाजू 768वर आणायची आणि मग 512चे चौकोन कापायचे. आपला फोटो या रीतीने 768×1024 होतो. दर मिलिमीटरला साडेतीन ठिपकेही उरत नाहीत. अक्षराला साडेआठ, अनुस्वाराला पावणेदोन. क्लॉडच्या अनेक आवृत्त्यांत याच आकाराच्या फोटोची मर्यादा 951×1268 अशी दिली होती. थोडी अधिक, पण जात तीच. नव्या आवृत्त्यांत मर्यादा वाढत आहेत, म्हणून आपल्या मॉडेलचा आकडा पाहून हिशोब करावा. हिशोबाची रीत बदलत नाही.

पावणेदोन ठिपक्यांचा अनुस्वार आणि कागदावरचा डाग यांत फरक करणे अवघड आहे. ‘शिंदे’चे ‘शिदे’ झाले तर माणसाला ते लगेच खटकते. १ आणि ९, किंवा ५ आणि ६ यांची अदलाबदल झाली तर खटकत नाही, कारण गट नंबर कोणताही असू शकतो. आणि मॉडेल अडखळत नाही. ते अस्खलित, पण चुकीचा आकडा देते. चूक ओळखायची खूण म्हणून एवढेच करता येते: तीच नोंद पूर्ण पानावरून आणि कापलेल्या तुकड्यावरून दोनदा वाचून घ्यायची. ज्या आकड्यांवर दोन वाचने वेगळी येतात ते मूळ कागदावर जाऊन पाहायचे. दोन्ही वाचने एकाच चुकीवर जुळू शकतात, हे मात्र खरे.

उपाय फॉरमॅटमध्ये नाही, कापण्यात आहे. पान आडवे मधोमध कापले आणि एखादी ओळ दुभंगू नये म्हणून प्रत्येक तुकडा मध्याच्या पलीकडे दीडशे ठिपके वाढवून ओवरलॅप ठेवली, तर वरचा तुकडा 3024×2166 होतो. आता आखूड बाजू 2166 आहे. ती 768वर आणली की दर मिलिमीटरला जवळजवळ पाच ठिपके उरतात. अक्षराला बारा. फोन तोच, फाइल तीच, आणि अक्षर जवळपास दीडपट मोठे. पान तीन भागांत कापले तर याहून अधिक फायदा होतो. प्रत्येक तुकड्याचे वेगळे पैसे पडतात, पण जमिनीच्या कागदात तो खर्च मी डोळे झाकून करीन.

```python
from PIL import Image, ImageOps
from pillow_heif import register_heif_opener
register_heif_opener()

im = ImageOps.exif_transpose(Image.open("ferfar.heic"))
im = im.convert("RGBA")
bg = Image.new("RGB", im.size, "white")
bg.paste(im, mask=im.getchannel("A"))
w, h = bg.size
bg.crop((0, 0, w, h // 2 + 150)).save("var.jpg", quality=90, subsampling=0)
bg.crop((0, h // 2 - 150, w, h)).save("khali.jpg", quality=90, subsampling=0)
```

यातले `subsampling=0` शिक्क्याच्या रंगासाठी आहे: रंगाची काटकसर बंद. `exif_transpose` आणि पांढरी पार्श्वभूमी यांच्याबद्दल खाली येते.

जेपेगच्या राखाडी गर्दीचे काय, असे कुणी विचारेल. इथे एक गंमत आहे. फोनने मूळ मापावर जेपेग केले तेव्हा 8 ठिपक्यांचा चौकोन अक्षराच्या पाव उंचीचा होता. नंतर चित्र चारपट लहान झाले, तो चौकोन दोन ठिपक्यांचा उरला आणि त्यातला गोंधळ सरासरीत विरून गेला. म्हणून मोठ्या फोटोच्या जेपेग आणि पीएनजी प्रती मॉडेलपर्यंत पोचेतोवर जवळजवळ सारख्याच होतात. चांगल्या दर्जाचा जेपेग इथे पुरेसा आहे.

उलट क्रम झाला तर मात्र वाट लागते. तोच फोटो व्हॉट्सअॅपवर साधा फोटो म्हणून आला की अॅप त्याची लांब बाजू साधारण 1600 ठिपक्यांच्या आसपास आणते आणि मग जेपेग म्हणून बऱ्यापैकी जोराने दाबते. आता अक्षर तेरा-चौदा ठिपक्यांचे आणि दाबण्याचा चौकोन आठाचा. गर्दी अक्षराच्याच मापाची झाली; पुढे कितीही लहान केले तरी ती विरत नाही. कापूनही उपयोग नाही, कारण कापण्याजोगे बारकावे आधीच गेलेले असतात. असे चित्र पीएनजीत बदलले तर गेलेले काही परत येत नाही, फक्त खराब चित्र जड होते. गावाकडून कागद मागवताना म्हणूनच ‘डॉक्युमेंट म्हणून पाठव’ असे सांगावे. त्या वाटेने मूळ फाइल जशीच्या तशी येते. 2023पासून एचडीचा पर्यायही आहे, पण डॉक्युमेंटची वाट खात्रीची.

राहिले दोन छुपे घोटाळे. फोन आडवा-उभा कसाही धरला तरी कॅमेरा ठिपके बहुधा एकाच दिशेने लिहितो आणि ‘दाखवताना फिरवा’ अशी सूचना फाइलच्या एक्झिफ नोंदींत ठेवतो. फोटो दाखवणारे प्रोग्राम ती पाळतात. पिलोचे `Image.open` आपणहून पाळत नाही. परिणामी पडद्यावर सरळ दिसणारे पान मॉडेलला कुशीवर पडलेले मिळते आणि वाचन गडबडते. `exif_transpose` ती सूचना अमलात आणते.

दुसरा घोटाळा पीएनजी आणि वेबपीच्या पारदर्शकतेचा. लोगो, कापून काढलेली सही, काही अॅपमधून बाहेर काढलेले आलेख यांची पार्श्वभूमी पारदर्शक असते आणि त्या ठिपक्यांखाली लिहिलेला रंग पुष्कळदा काळा असतो. पिलोत असे चित्र थेट `convert("RGB")` केले की पारदर्शकतेचा थर टाकला जातो आणि खालचा काळा वर येतो: काळ्यावर काळी अक्षरे. मॉडेल ‘चित्रात काही नाही’ असे सांगते आणि पाठवणाऱ्याला ते आंधळे वाटते, कारण त्याच्या पडद्यावर मागे पांढरे पान दिसत असते. आधी पांढऱ्यावर चिकटवून घेतले की हा प्रश्न संपतो. हलते जीआयएफ आणि वेबपी यांबाबत एवढेच लक्षात ठेवावे की जिथे ती चालतात तिथेही बहुधा फक्त पहिली चौकट पाहिली जाते.

पाठवण्याआधी करायची एक तपासणी मला सगळ्यांत भरवशाची वाटते. आपले मॉडेल चित्र कितीवर आणते ते त्याच्या कागदपत्रांत पाहायचे, तितक्याच मापाची प्रत स्वतः करायची आणि ती मोठी करून पाहायची, पण मोठी करताना ठिपके गुळगुळीत न करता. त्या प्रतीत गट नंबरचा पाच की सहा हे आपल्यालाच ठरवता येत नसेल, तर फॉरमॅट बदलण्यात वेळ घालवू नये. कात्री घ्यावी, नाहीतर कागदाच्या जवळ जाऊन पुन्हा फोटो काढावा.